उतरणाऱ्याचं पुस्तक

सोपान गुरुजी लोहगडवाडीचे, शाळा मात्र खाली भाजे गावात. वीस वर्षं रोज उतरताना मनात टिपलेल्या गडवाटांचं पुस्तक लिहून त्यांनी पुण्याला धाडलं. आपटे संपादकांचं पत्र आलं :

"एकच चूक पुस्तकभर आहे. डावं-उजवं उतरणाऱ्याचं, लागणारा वेळही उतरणाऱ्याचाच. वाचक तर खालून चढणार. अशा बारा जागा सोबत लिहिल्या आहेत."

गुरुजी भडकले. "खुर्चीत बसून ह्याला काय कळतंय?"

मग शेवटची ओळ दिसली, ती त्यांनी मोठ्यानं वाचली : "हस्तलिखित हाती धरून परवा चढलो. तीनदा चुकलो."

शेजारच्या रतनबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यो चष्मेवाला व्हय? लय दमलेला. गूळपाणी दिलं म्या."

गुरुजींचा राग विरला. त्यांनी उत्तर लिहिलं, "डोळ्यांनी वाचणारे पुष्कळ भेटले. पायांनी वाचणारे तुम्हीच पहिले."