पित्ताची कॅप्सूल

आमच्या ह्यांचं कोरेगावात बी-बियाण्यांचं दुकान. गल्ल्यावर ओमेप्राझोलच्या कॅप्सूलचा डबा कायम उघडा. लग्नाचं जेवण अंगावर आलेल्या गिऱ्हाइकाला हे बियाण्याबरोबर एक कॅप्सूल देत आणि स्वतः रोज उपाशीपोटी घेत. डॉक्टरी मिरवायची भारी हौस.

सांगलीला ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. घरी सोडताना हे दुकानाशी फोनवर बोलत होते, म्हणून डॉक्टरांनी मलाच सांगितलं: रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल चुकवायची नाही आणि पित्तासाठी ओमेप्राझोल बंद, त्याऐवजी पँटोप्राझोल.

घरी आल्यावर मी ह्यांना ते सांगितलं.

"गप. पित्ताची गोळी म्हंजी पित्ताची गोळी. तुला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य लग्नापासून ऐकत आले. सुनेसमोर, व्याह्यांसमोर, भर दुकानात. मी पँटोप्राझोल काढून ठेवायची, हे खिडकीतून टाकायचे आणि खिशातली कॅप्सूल गिळायचे. मला संताप यायचा. रात्री ह्यांच्या श्वासाकडं कान लागायचे, तेव्हा तर जास्तच.

महिन्याभरानं तपासणीला गेलो. गाडी थोरल्या दिरांची, म्हणून तेही आत आले. डॉक्टरांनी विचारलं, "काका, पित्ताला काय घेताय?"

"घरात औषधं हीच देती, तिला विचारा."

मी त्याचीच वाट बघत होते. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून ओमेप्राझोलचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. "मी देते ती खिडकीबाहेर पडती. ही ह्यांची स्वतःची."

डॉक्टर भडकले. "काका, क्लोपिडोग्रेल नुसती गिळून भागत नाही. यकृतातलं एक एन्झाइम तिला कामाला लावतं, आणि ओमेप्राझोल नेमकं त्यालाच अडवतं. मग रक्ताच्या गुठळ्या रोखायला ती कमी पडू शकते. स्टेंट गुठळीनं बंद झाला तर?"

"मग एक सकाळी, एक रात्री घिऊ का?"

"वेळ बदलून सुटका नाही. पँटोप्राझोल त्या एन्झाइमला फारसं अडवत नाही, म्हणून ती दिली. सोबत ॲस्पिरिन आहे, तिनं पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून पँटोप्राझोल हवीच."

ह्यांचा चेहरा पांढराफटक. दीर म्हणाले, "लय शाना हाईस रं तू!" मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! डॉक्टरांनी बजावलं, "इथून पुढं गोळ्या काकूंच्या हातूनच."

आता रोज सकाळी हे माझ्यापुढं तळहात धरून उभे राहतात. सूनबाई बघत असते. मी आधी माझा चहा संपवते, मगच गोळी ठेवते. जाऊबाई म्हणाल्या, "किती गं जपतीस!" जपणारच. एका झटक्यात सुटून जायला मी ह्यांना देणार नाही. अजून पुष्कळ वर्षं ह्यांनी माझ्यापुढं हात पसरायचा आहे.