मंगळवारची थर्ड आणि माझी तीन पत्रं

चाकणच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात डोकं खपवतो, तिथे गिअरबॉक्सची झाकणं बसवली जातात. एका झाकणाला चार बोल्ट. ते आवळायला विजेवर चालणारं नटरनर आहे, आणि कुठला बोल्ट किती जोराने, किती वाजता आवळला याची नोंद ते स्वतःच डेटाबेसमध्ये टाकतं. माणसाने हाताने लिहायचं काहीच नाही. त्यामुळे गोंधळ घालायला माणसाला जागाच नाही असा माझा समज होता. मी स्वतःला कमी लेखत होतो.

एका सोमवारी ग्राहकाकडून तीन झाकणं परत आली. बोल्ट सैल. लेबलवर आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारची तारीख आणि पुढे सी, म्हणजे तिसरी पाळी, आमच्या भाषेत 'मंगळवारची थर्ड'. हजेरी काढली तर त्या स्टेशनवर लातूरकडचा एक ट्रेनी होता. चिखलीत तिघांत एक खोली करून राहणारा, तीन वर्षं ट्रेनीच असलेला आणि त्याच महिन्यात कायम होण्याच्या यादीत नाव आलेला. त्याला कारणे दाखवा नोटीस गेली. आरोप असा, की पठ्ठ्याने बायपासची चावी फिरवून, नटरनर न लावताच नग पुढे ढकलले आणि स्वतः कुठेतरी जाऊन आडवा झाला. शुक्रवारी चार वाजता चौकशी. तिचा निकाल उलटा लागला तर यादीतलं नाव कटणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुरावा काढायचं काम माझ्याकडे आलं. पुरावा आयटीकडे. आणि आयटीकडून काही हवं असेल तर रीतसर पत्र लागतं.

पत्र लिहायचा मला भयंकर कंटाळा. एचआरमधल्या मित्राकडे जुना नमुना मागितला, त्याने पाठवला. मी विषय बदलला, तारीख बदलली, सही ठोकली आणि पाठवून दिलं. अर्ध्या तासात आयटीच्या मॅडमचा फोन.

"सर, तुम्ही मागितलेल्या रकान्यांत कामगाराचं नाव, मोबाइल, पत्ता आणि बसचा थांबा आहे."

"असेल."

"थांबा कशाला हवाय? बोल्टला बस पकडायचीय का?"

तो नमुना कंपनीच्या बसचे नवे मार्ग ठरवण्यासाठी लिहिलेला होता. दिघी आणि भोसरीकडून येणाऱ्यांची यादी मागायला. हेतूच्या जागी मी मोठ्या हिकमतीने 'माहितीसाठी' एवढंच लिहिलं होतं.

"माहिती माहितीसाठीच असते, सर. कुणी लोणच्यासाठी मागत नाही. आणि मोबाइल नंबर तर मी देणारच नाही. टोकन नंबर पुरतो. नीट लिहून पाठवा."

दुसरं पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. या वेळी डोकं लावून. नगाचा सीरियल नंबर, स्टेशन, वेळ, टॉर्क म्हणजे आवळणीचा जोर, निकाल, कामगाराचा टोकन नंबर, बायपास चालू की बंद. कालावधी : मंगळवारची तारीख, सी शिफ्ट. हेतू : ग्राहकाची तक्रार तपासणे. साहेबांची सही घेतली आणि पाठवून दिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. आयटीला तीन दिवसांची मुदत असते, हे ठाऊक असून मी दर दहा मिनिटांनी मेल उघडत होतो. मंगळवार गेला. बुधवारी मी शॉपफ्लोअरवर गेलो, तिथून आयटीच्या काचेच्या केबिनवरून उगाच दोन चकरा मारल्या, गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, तो न संपवताच परत आलो. जेवताना समोरच्याने विचारलं, "राव, मूळव्याध झालीय का? बसवत नाही तुम्हाला?" मी म्हटलं, डेटाची वाट बघतोय. तो म्हणाला, "तोच त्रास आहे मग."

बुधवारी दुपारी फाइल आली. मी उभ्याउभ्याच उघडली. तिन्ही सीरियल नंबर शोधले. एकही नाही. म्हणजे नटरनर लागलंच नव्हतं. मग ट्रेनीचा टोकन नंबर शोधला. रात्री अकरा ते बारा त्याच्या नोंदी होत्या. त्यानंतर एकही नाही. बाकीच्या सात तासांवर दुसराच टोकन.

एक तास काम करून गायब. मला हिशोबाचं उत्तर पहिल्या फटक्यात जुळल्यासारखं वाटलं, आणि आयुष्यात ज्या ज्या वेळी मला तसं वाटलं त्या त्या वेळी मी आपटलोय. पण ते नंतर आठवतं. मी तिथेच मेल लिहिला, 'सदर कामगार फक्त एक तास स्टेशनवर आढळतो, तिन्ही नगांची नोंद नाही,' फाइल जोडली आणि प्लांट हेडपासून एचआरपर्यंत सगळ्यांना धाडला. प्लांट हेडचं दोन शब्दांचं उत्तर आलं, गुड वर्क. ते मी तीनदा वाचलं. दोन शब्द असूनही.

गुरुवारी सकाळी सातला शिफ्ट सुटली आणि सव्वासातला तो ट्रेनी माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. त्या आठवड्यातही त्याला थर्डच होती. डोळे लाल, खांद्याला डब्याची पिशवी. माझ्या मेलची बातमी लाइनवर माझ्याआधी पोचली होती.

"साहेब, मी स्टेशन सोडलंच नाही."

"सिस्टिम तसं सांगत नाही."

"मी खोटं बोलायलो नाही साहेब. साडेतीनला नटरनर अडकलं होतं. मेंटेनन्सवाले आले, दहा मिनिटं लाइन थांबली. ते तर असंल की तुमच्या यंत्रात."

मी त्याला गप्प करायला म्हणून स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. मंगळवार, साडेतीन. एकही मिनिट लाइन थांबलेली नाही. आणि टोकन दुसऱ्याचा.

"हे बघ. मंगळवारी साडेतीनला तू तिथे नव्हतासच."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "मंगळवारी साडेतीनला मी रूमवर झोपलो होतो साहेब. मंगळवारच्या थर्डला साडेतीन बुधवारी वाजतेत."

थर्ड रात्री अकराला सुरू होते आणि सकाळी सातला संपते. बारा वाजता बाहेर तारीख बदलते, कारखान्यात बदलत नाही. सकाळी सात ते पुढच्या सकाळी सात हा आमचा एक दिवस. लेबलवर तोच दिवस छापतो, हजेरीतही तोच. पण डेटाबेसला कुणी हे सांगितलेलं नाही. त्याला भिंतीवरचं घड्याळ कळतं. मी 'मंगळवार, सी शिफ्ट' मागितलं, त्याने इमानदारीत मंगळवार दिला. मंगळवारी सकाळी संपलेली सोमवारची थर्ड, जिला ट्रेनीची सुट्टी होती, आणि रात्री सुरू झालेल्या मंगळवारच्या थर्डचा पहिला तास. खरी शिफ्ट जिथे होती तो बुधवार मी मागितलाच नव्हता.

पंधरा वर्षं या पट्ट्यात नोकरी करतोय. थर्डमध्ये पाच वर्षं स्वतः उभा राहिलोय.

"मग आता?" त्याने विचारलं.

"तू घरी जा, झोप."

"झोप कुठली येतीय साहेब," म्हणाला आणि गेटकडे न जाता कँटीनच्या पायरीवर जाऊन बसला. माझ्या खिडकीतून ती पायरी दिसते. त्या दिवशी मी खुर्ची चार वेळा फिरवली, ती प्रत्येक कोनातून दिसते.

तिसरं पत्र लिहायला मला पाऊण तास लागला. नुसता कालावधी लिहायला वीस मिनिटं. 'मंगळवार रात्री ११ वाजल्यापासून बुधवार सकाळी ७ वाजेपर्यंत, घड्याळाच्या वेळेनुसार.' रकाने पुन्हा तपासले. बोल्ट क्रमांक वेगळा मागितला, कारण आधी तो विसरलो होतो. तारीख आणि वेळ सेकंदासकट. तिन्ही सीरियल नंबर पत्रातच लिहिले. हेतू असा : या तीन नगांची आवळणी झाली की नाही हे ठरवणे, वापर फक्त शुक्रवारच्या चौकशीपुरता. मेल न करता कागद घेऊन स्वतः गेलो.

मॅडमनी वाचलं. "हे तिसरं. मुदत तीन दिवस असते, माहितेय ना?"

"चौकशी उद्या आहे. आणि चूक माझी आहे."

"तशी माझीपण आहे थोडी. सी शिफ्ट वाचून विचारायला हवं होतं. पण तुम्ही सगळ्यांना पाठवण्याआधी मला विचारलं असतं तर?"

"मला गुड वर्क मिळालं नसतं."

त्या हसल्या नाहीत. कागदावर 'तातडीचे' असं लिहिलं आणि म्हणाल्या, "बाराला या. आणि इथे येरझाऱ्या घालू नका, काचेतून सगळं दिसतं."

मी सव्वाअकरालाच गेलो. फाइल तयार होती. या वेळी बसून उघडली. तिन्ही सीरियल नंबर होते. एकेकाला चार बोल्ट, बाराच्या बारा टॉर्क ठीक, बायपास बंद, टोकन त्याचा. तीन एकतीसला एक बोल्ट नाकारलेला, मग दहा मिनिटं काही नाही, मग तोच बोल्ट पुन्हा आवळलेला. बोल्ट नंतर का सैल झाले ते शोधायला आम्हाला पुढे बरेच दिवस लागले, पण ते ह्याच्या हातून झालं नव्हतं एवढं स्वच्छ होतं.

कालच्याच सगळ्यांना मी मेल लिहिला. 'काल पाठवलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कालावधी मी चुकीचा मागितला.' पाठवायचं बटण दाबताना बोट जड झालं होतं, खोटं कशाला बोलू. प्लांट हेडचं उत्तर या वेळीही दोनच शब्दांचं आलं. ते सांगत नाही.

शुक्रवारी चारला चौकशीत एचआरच्या साहेबांनी नोटीस मागे घेतल्याचं पत्र तयारच ठेवलं होतं. ट्रेनी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. पत्र त्याच्यापुढे सरकवलं. सही करून मोकळा होईल असं सगळ्यांना वाटलं. त्याने एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एचआरचे साहेब घड्याळाकडे बघायला लागले.

एका ओळीवर बोट थांबलं.

"साहेब, हितं 'मंगळवारी तिसऱ्या पाळीत हजर होता' लिहिलंय."

"मग? होतासच ना?"

"होतो. पण वेळ घाला. कधीपासून कधीपर्यंत. उद्या परत कुणी काढलं तर?" त्याने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकार.

एचआरचे साहेब वैतागले, "अरे, आता छापलंय ते."

"परत छापू," मी म्हणालो आणि कागद उचलला. शेजारच्या खोलीत जाऊन ती ओळ मी स्वतः टाइप केली, मंगळवार रात्री अकरा ते बुधवार सकाळी सात, आणि नवा कागद आणून दिला. त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग सही केली, एक प्रत मागून घेतली आणि म्हणाला, "येतो साहेब. आज रात्री थर्ड होती, पण सुट्टी टाकलीय. आता झोपतो."