तीन रुपयांची काळी झेरॉक्स

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत माझं सायबर कॅफे आहे असं सांगितलं की शहरातले लोक हसतात. कॅफे म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन, एक प्रिंटर-स्कॅनर आणि माझं तोंड. यातलं शेवटचं कधी बंद पडत नाही, असं नवरा म्हणतो. झेरॉक्स दोन रुपये, प्रिंट पाच, स्कॅन दहा, हे दर मी दुकान उघडलं तेव्हाच पेंटरकडून शटरशेजारच्या भिंतीवर लिहून घेतले होते. गावाला ते सातबारावरच्या नोंदीइतके पक्के वाटायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मग कागद महागला. गोंदियाचा व्यापारी पाचशे पानांच्या रीममागे चाळीस रुपये जास्त मागू लागला. मी भांडले तर म्हणाला, "पीछे से ही बढ़ के आया है मॅडम, मैं क्या करूं?" पंधरा दिवसांनी टोनर भरून देणारा आला, त्यानंही पावडर महाग झाली म्हणून शंभर रुपये वाढवले. दुकानाचं भाडं, वीज, मशीनमध्ये अडकून चुरगळलेली पानं, हे सगळं धरलं तर दोन रुपयांच्या झेरॉक्समागे हातात काही उरेना. दर तीन करायलाच हवा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण बसस्टँडजवळच्या दुकानात अजून दोनच रुपये होते. शिवाय आमच्याकडे दर वाढवायचा म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला उभं राहून उत्तर द्यायचं. मी इतकी बोलणारी, पण "तीन द्या" म्हणायला माझी जीभ रेटेना.

म्हणून मी हुशारी केली. पातळ कागद आणला. मशीनवरचा काळेपणा दोन घरं खाली उतरवला आणि प्रिंटरला टोनर वाचवायची सेटिंग लावून टाकली. अक्षरं करडी यायची, पण वाचता यायची. महिनाभर कोणी चकार शब्द काढला नाही आणि टोनरही जास्त दिवस पुरला. मी स्वतःवर जाम खूश होते.

धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत शेजारच्या टोलीवरची, म्हणजे वाडीवरची, एक काकी आली. रोवण्याच्या मजुरीवर घर चालवणारी बाई. तिची मुलगी दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि अकरावीसाठी गोंदियाच्या सरकारी होस्टेलचा फॉर्म भरायचा होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक. मी सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या, पिन मारली, तिनं दहा रुपये मोजून दिले आणि दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन सकाळच्या बसनं गेली.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती परत दुकानात उभी. एका हातात माझ्या झेरॉक्स, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मूळ कागद. तिनं झेरॉक्स काउंटरवर ठेवल्या.

"हे पाह्य बाई. शिक्का कुठी आहे?"

मी पाहिलं. जातीच्या दाखल्यावरचा शिक्का जांभळा होता. माझ्या फिक्या मशीननं त्याचा नुसता डाग काढला होता. पासबुकावरच्या खाते क्रमांकातला आठ होता की तीन, मलाही सांगता आलं नसतं.

"साहेबानं फॉर्म घेतलाच नाही," ती म्हणाली. "उद्या आखरी दिवस आहे म्हन्ते. चार वाजेपर्यंत आण म्हन्ते, नाही तर पोरीची जागा दुसरीले जाईल."

"मग तिथंच दुसऱ्या झेरॉक्स का नाही काढल्या काकी?"

"असली कागद घरी ठेवून गेली होती न. बसमध्ये हरवले असते तर कोण देते दुसरे?"

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. दोन माणसांचं गोंदियाचं जाण्यायेण्याचं भाडं, तिची एका दिवसाची मजुरी, उद्याची आणखी एका दिवसाची. आणि मी वाचवलेली टोनरची चिमूटभर पावडर. मी काळेपणा पुन्हा वर केला, कपाटात उरलेला जाड कागद काढला, काच ओल्या फडक्यानं पुसली आणि पहिली झेरॉक्स काढली. शिक्का गोल आला, आतलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. तरी तिनं प्रत्येक पान दारातल्या उजेडात नेऊन बोट फिरवत पाहिलं, पासबुकाचा आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला.

मग तिनं कमरेची पिशवी सोडली. मी म्हटलं, "काकी, पैसे नको. चूक माझी आहे. कागद महाग झाला, टोनर महाग झाला, दर वाढवायची हिंमत नाही झाली म्हणून मीच मशीन फिकं केलं होतं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं आता शिव्या येणार. त्या आल्या असत्या तर मी मुकाट ऐकल्या असत्या.

"मंग तोंडानं सांगाचं होतं न! एवढी बोलून राहते दिवसभर, एवढंच काऊन नाही बोलली? किती पडते तुले?"

"तीन घेतले तर परवडतं."

"तर तीन घे. फुकट कायले देऊन राहिली? असं फुकट देशीन त दुकान बंद होईन तुझं. बसस्टँडवाल्याचं मशीन त घडीघडी बंद राहते, मंग मी एका कागदासाठी तालुक्याले अर्जुनीले जाऊ का? रुपया मोठा का बसचं भाडं मोठं?" तिनं पंधरा रुपये माझ्या हातात कोंबले. "रुपया जास्त घे, पण काळं दे."

माझ्यामुळे जिचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं, तीच मला धंदा शिकवून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पेंटरला बोलावलं नाही, स्वतःच ब्रश घेतला. जोशात सगळंच वाढवून टाकलं. झेरॉक्स तीन, दोन्ही बाजू सहा, प्रिंट सात, स्कॅन बारा. आठवड्यानं काकी मुलीला घेऊन आली ती आधी भिंतीसमोरच थांबली. मुलीनं तिला दर वाचून दाखवले.

"स्कॅनले कागद लागते का?" तिनं विचारलं.

"नाही."

"पावडर लागते?"

"नाही."

"मंग त्याचे दोन रुपये कायचे? न दोन्ही बाजूंचं पान त एकच लागते."

मी स्कॅन पुन्हा दहा केलं. दोन्ही बाजूंचे पाच केले, कारण टोनर दोनदा लागतो पण कागद खरंच एकच. प्रिंटचे सात तिनं मान्य केले. त्या दिवसापासून "काऊन वाढवले?" असं कोणीही विचारलं की मी बिनधास्त हिशेब सांगते आणि लोक ऐकून घेतात. काही जण बसस्टँडकडे गेले, त्यातले बरेचसे परत आले. या गावानं मला रुपयाला कधीच नाही म्हटलं नव्हतं. मीच कधी मागितला नव्हता. त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

त्या दिवशी भिंतीवरचे आकडे मनासारखे झाल्यावर काकी आत आली आणि स्टुलावर टेकली. फॉर्मचं विचारायला मला धीर होत नव्हता. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. होस्टेलच्या निवड यादीत तिच्या मुलीचं नाव होतं.

"याची काढ," ती म्हणाली. "पाच काढ. सगळ्या नातेवाइकाइले देतो."