बोरीच्या पानाचा चकाकता फोटो

रेणापूरच्या आमच्या शाळेत अकरावीच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला खरी पानं नसत. शेवटच्या तुकडीपर्यंत ती माना टाकत, म्हणून बाईंनी पानांचे फोटो काढून लॅमिनेट केले होते. प्रत्येक टेबलावर एक फोटो. घंटा झाली की पुढच्या टेबलावर जायचं आणि शिराविन्यास, म्हणजे पानातल्या शिरांची मांडणी, आणि कडा ओळखून लिहायची. नमुन्याला हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद.

मी मुळातच भित्री. त्यात परीक्षक नांदेडहून आलेले, आणि कॉपी धरण्यात त्यांची ख्याती आमच्याआधी वर्गात पोहोचलेली. सापडलं तर अख्खं प्रात्यक्षिक रद्द, एवढं आम्ही ऐकून होतो.

तिसऱ्या टेबलावरच्या पानात तीन ठळक शिरा देठापासून निघून टोकाकडे पुन्हा जवळ येत होत्या. मधे सगळं कोरं. माझ्या पुढच्या मुलीनं बेधडक ‘समांतर’ लिहिलेलं मला दिसलं होतं. मला ते पटेना. बाईंनी वर्षभर एकच घोकून घेतलं होतं, पान खिडकीकडे धरा, जाळी दिसेल. माझ्या हाताला तीच सवय. डोकं जागेवर नव्हतंच. मी फोटो उचलून खिडकीकडे धरला.

“मागे काय लिहिलंय?” परीक्षक मागेच उभे होते.

त्यांनी फोटो आणि उत्तरपत्रिका दोन्ही काढून घेतलं. फोटोची मागची बाजू कोरी होती, तरी त्यांच्या कपाळावरची आठी जाईना. दूर उभ्या बाईंचा चेहरा पडला. आता घरी काय तोंड दाखवू, एवढंच मनात घोळत होतं.

“मग उचलला कशाला?”

“टेबलावर ठेवला की फोटोवर ट्यूबलाइट चमकून राहिली सर. त्याच्यात बारीक शिरा दिसतच न्हाईत. तिरका धरला की जाळी दिसती. कडेचे दाते बी.”

त्यांनी फोटो तिरका केला, आडवा केला, पुन्हा तिरका केला. ठळक शिरांच्या मधे बारीक जाळं विणलेलं होतं.

“कशाचं पान?”

“बोरीचं. बांधावर हाय आमच्या.”

तेवढ्यात शिपायानं घंटेकडे हात नेला. माझी उत्तराची जागा अजून रिकामी होती. परीक्षकांनी त्याला खुणेनं थांबवलं, पेपर माझ्यासमोर ठेवला आणि फोटो टेबलावरच्या एका बरणीला टेकवून उभा केला. मग पुढे गेलेल्यांना ते टेबल पुन्हा बघायला सांगितलं. मी लिहिलं: जाळीदार, मुख्य शिरा टोकाकडे जुळणाऱ्या, कडा बारीक दंतुर. एवढं लिहायला दोनदा खाडाखोड झाली.

“घाबरलीस का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“हाव सर.”

त्या दिवशीचं विचार न करता दिलेलं आणि शंभर टक्के बरोबर असलेलं माझं एकच उत्तर ते.