पहिल्या दहा ओळी

सर्व्हर मंद झाला की दोषी कोण हे मी पाच मिनिटांत सांगतो, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. अजूनही सांगतो, फक्त आता पाच मिनिटं म्हणत नाही.

वर्ध्याजवळच्या एका रुग्णालयाचा पोस्टग्रेस डेटाबेस माझ्याकडे सांभाळायला आहे. त्यात मी ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे हिशेब ठेवणारी एक जोडसोय, चालू ठेवलंय. डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक क्वेरीतले आकडे आणि नावं गाळून ते नुसता सांगाडा ठेवतं. त्या सांगाड्यापुढे ती क्वेरी कोणाच्या लॉगिनवरून, किती वेळा चालली आणि सगळा मिळून किती वेळ खाल्ला, हे लिहिलेलं असतं. एकूण वेळेचा उतरता क्रम लावायचा, वरच्या दहा ओळी मागवायच्या आणि पहिलीची मान पकडायची, ही माझी रीत.

त्या आठवड्यात वॉर्डांमधले संगणक रडकुंडीला आले होते. परिचारिका फोनवर फोन करत होत्या. मी दहा ओळी मागवल्या. पहिलीच ओळ प्रयोगशाळेतल्या एका मॅडमची निघाली. पुलगावहून रोज रेल्वेने येणाऱ्या या तंत्रज्ञ मॅडम पन्नाशीच्या घरात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकल्या होत्या. कोणत्या जंतूवर कोणतं औषध अजून चालतं, याचा तक्ता त्या रोज सकाळी काढत आणि डॉक्टर तो हातात घेऊनच राउंडला निघत. त्या तक्त्याची क्वेरी अकरा मिनिटं चालायची. मी त्यांचं लॉगिन बंद केलं आणि अधीक्षकांना पत्र दिलं, त्यात मॅडमचं नाव कारण म्हणून लिहिलं. लिहिताना मला जराही अवघड वाटलं नाही, हे कबूल करतो.

तीन दिवस झाले, सर्व्हर तितकाच मंद. मॅडम माझ्या खोलीत आल्या. भांडायला आल्या असतील म्हणून मी तयारीत होतो.

“सर, माही क्वेरी सकाळी एकदा चालत होती. तीन दिवसांपासून तेही बंद. मंग सर्व्हर दुपारी काऊन अडकून राह्यला?”

मी त्यांना त्या दहा ओळी दाखवल्या. हे आकडे आहेत मॅडम, माझं मत नाही, असंही वर ऐकवलं.

“दहाच काऊन?”

“वरच्या दहात सगळं येतं.”

“मायक्रोस्कोपमंदी दिसते तेवढ्या एका फील्डवर आमी रिपोर्ट देत नाई, सर. स्लाइड सरकवतो. खाली जा ना जरा.”

नाइलाजाने मी दहाची मर्यादा काढून टाकली. शेकडो ओळी आल्या. मॅडम सावकाश वाचत होत्या, मी घड्याळ पाहत होतो. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“हे पाहा. यात कंसात सात खुणा. त्याच्या खाली आठ. ते बारावाली. बाकी सारं तेच हाय ना?”

तेच होतं. वॉर्डाच्या पडद्यावर प्रलंबित नमुन्यांची यादी दिसते, ती भरणारी ही क्वेरी. जितके नमुने, तितके क्रमांक कंसात, आणि सांगाड्यात त्यांच्या जागी तितक्याच खुणा. आमच्या आवृत्तीत कंसातल्या क्रमांकांची संख्या बदलली की एक्स्टेन्शन तिला वेगळी क्वेरी समजतं. म्हणून एकाच क्वेरीचा खर्च दोनशेवर ओळींत विखुरला होता आणि एकही ओळ वरच्या दहात चढत नव्हती. क्वेरीच्या सुरुवातीच्या मजकुरावर गट पाडून मी बेरीज केली. मॅडमच्या तक्त्याच्या कितीतरी पुढे. त्या दहा ओळींची बेरीज एकूण वेळेच्या पाव हिश्शाचीही नव्हती, आणि ती मी कधी करून पाहिली नव्हती.

वॉर्डाचा तो पडदा मीच लिहिला होता. दर पाच सेकंदांनी, प्रत्येक संगणकावरून, पूर्ण यादी. दुपारी प्रलंबित नमुने वाढले की यादीही लांबायची. लाज वाटली. मॅडमसमोर वाटली, म्हणून जास्त वाटली.

त्याच दुपारी मी सगळे क्रमांक एकाच अ‍ॅरेमध्ये, एका गठ्ठ्यात, पाठवायला लावले, म्हणजे नोंद एकच राहील. जुनी आकडेवारी पुसून नव्याने मोजायला लावली. दुसऱ्या दिवशी माझी क्वेरी पहिल्या क्रमांकावर, उघड्यावर. मग फक्त बदललेले नमुने आणि तेही मिनिटातून एकदा मागवायचे, असं केलं. वॉर्डातून येणारे फोन थांबले.

अधीक्षकांना दुसरं पत्र दिलं. कारण म्हणून आधी मॅडमचं नाव होतं, तिथे माझं लिहिलं. प्रत घेऊन प्रयोगशाळेत गेलो. मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

“लॉगिन चालू केलं?”

“केलं.”

“पासवर्ड?”

“जुनाच आहे. त्याला हात लावला नाही.”

“बरं केलं. नवा दिला असता तं मले वाटलं असतं का माहीच चुकी होती,” त्या म्हणाल्या, आणि जंतूंचा तक्ता काढायला संगणकाकडे वळल्या.