भांगाजवळची जागा

फळ्यावर गणित लिहिताना मला वर्गाकडं पाठ करावी लागते. एरवी हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. पण माझा भांग रुंद व्हायला लागला, डोक्याची कातडी दिसायला लागली, तेव्हापासून लिहिता लिहिता माझा सगळा जीव डोक्याच्या मागच्या बाजूला गोळा व्हायचा. सौसरच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथं पंखा बरोबर फळ्याच्या वर आहे. तो सुरू असला की केस दोन्हीकडं पांगायचे. उन्हाळ्यातही मी पंखा बंद करायला लावायची. पोरं घामाघूम व्हायची आणि मला वाटायचं, यांना कळलेलंच आहे.

मी सौसरला खोली घेऊन राहते, घर पांढुर्ण्याला. आई तिथं एकटी राहते. शनिवारची शाळा सुटली की मी बस धरायची आणि रविवारी सकाळी आई मला अंगणात पाटावर बसवायची. माका आणि जास्वंद घालून उकळलेलं खोबरेल, ते कोमट करून ती बोटांच्या टोकांनी मुरवायची. कानामागून सुरू करायची आणि टाळूकडं यायची. तिचे स्वतःचे केस साठीतही कमरेपर्यंत. मी मात्र बाबांवर गेले. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. रुमाल काढला की त्यांचं डोकं उन्हात चकाकायचं.

"बापावर गेली वो तू," आई म्हणायची. "पण तेलानं येतात केस. रगत खेळते ना डोक्यात."

मालिश झाल्यावर तिच्या बोटांना केस गुंडाळलेले असायचे. मला दिसू नयेत म्हणून ती हात लुगड्याला पुसायची. मला दिसायचे.

खरं सांगायचं तर त्या तेलानं केस आले नाहीत. पण आठवड्यातला तो एक तास असा होता, की त्यात माझ्या डोक्याला कुणीतरी हात लावत होतं आणि मला लाज वाटत नव्हती.

सौसरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि केसांना लावायचं एक औषध लिहून दिलं. हे रोज लावायचं, महिनोन् महिने लावायचं, सुरुवातीला केस जास्तही गळतील, घाबरू नका, असं ते म्हणाले. केस जास्त गळले. मी घाबरले. त्याच सुमारास मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ समोर यायला लागले. हातात मावेल असा छोटा रोलर, त्याच्या चाकावर बारीक सुयांच्या रांगा. एक मुलगी हसत हसत तो भांगावरून फिरवायची आणि मग तिचे आधीचे आणि नंतरचे फोटो. सुयांनी कातडीला बारीक छिद्रं पडतात, शरीर ती भरून काढायला धावतं, त्यात मुळं जागी होतात आणि औषधही आत मुरतं, असं ती सांगायची. हे साफ खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते पटलं.

मी रोलर मागवला. सुयांची लांबी निवडायची होती. लहान सुयांनी काय होणार म्हणून मी लांब घेतल्या. पहिल्यांदा फिरवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं आणि भांगाशी रक्ताचे टिपके उठले. वर लगेच औषध चोळलं. आग आग झाली, मग छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली. खोलीत मी भिंतीला धरून बसले. थोड्या वेळानं बरं वाटलं. मला वाटलं, औषध आत गेल्याचीच ही खूण.

काही आठवड्यांनी भांगाच्या कडेला बारीक बारीक केस दिसले. लहान बाळाच्या जावळासारखे, उजेडात तिरपं धरल्यावरच दिसणारे. ते रोलरचे होते की आधीपासून लावत असलेल्या औषधाचे, ते मला आजही माहीत नाही. पण मी आरशासमोर रडले. आणि मग मला थांबवणारं कुणी नव्हतं. आठवड्यातून एकदा करायचं ते एक दिवसाआड झालं, मग रोज. आधीची जखम भरलेली नसायची, खपली असायची, तिच्यावरूनच मी दाबून फिरवायची. रोलर नळाखाली धुवायची आणि बाथरूमच्या फळीवर ठेवायची. त्यातल्या काही सुया वाकल्या होत्या. फिरवताना त्या ओरबाडत आहेत हे कळायचं.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या रविवारी तिनं नेहमीसारखं तेल कोमट केलं. भांगाजवळ तिचं बोट लागलं आणि मी ओरडले.

"काय झालं? पाहू दे," आई म्हणाली. "हे फोड कायचे होत?"

"घामोळ्या आल्या असतील."

"घामोळ्या अशा राह्यते?" तिनं वाकून पाहिलं. मग तेलाचा हात अजून हलका केला आणि त्या जागेवरून हळूहळू फिरवत राहिली. "तेलानं बसून जातीन. ताप बसते तेलानं."

मी डोकं तसंच तिच्या हातात राहू दिलं. तिचे हात बरे वाटत होते.

मंगळवारी शाळेत उभं राहवेना. डोकं ठणकत होतं, मानेत गाठ आली होती, अंगात ताप. भांगाच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी सूज, हात लावला की मऊ लागायची. उशीवर पू आणि रक्ताचा डाग. सौसरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि कात्री मागवली. जागा मोकळी करायला त्यांनी आजूबाजूचे केस कापले. इतके दिवस मी एकेक केस जपत होते, ते एका क्षणात तिथल्या ट्रेमध्ये पडले. गळू फोडून पू काढला, त्यातला थोडा तपासायला पाठवला, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. आई पांढुर्ण्याहून आली. माझ्या उशाशी बसून राहिली. ताप उतरल्यावर मी तिला रोलर दाखवला.

तिनं तो हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

"हे तू डोक्यावर फिरवत होती?"

"हो."

"अन् मी त्याच्यावरच तेल चोळलं."

"आई, त्यानं नाही झालं. मी रोज फिरवत होते. तो नीट साफ पण करत नव्हते."

"उघड्या जखमेत मी तेल चोळलं," ती पुन्हा म्हणाली. माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

जखम भरली तशी आम्ही दोघी नागपूरला त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी भिंगाच्या यंत्रानं आधी भांग पाहिला, मग ती जागा. बराच वेळ पाहिली. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"तुमचे केस विरळ होण्याचं मूळ कारण घराण्यातून आलेलं आहे," त्या म्हणाल्या. "त्यावर जे औषध लावत होतात ते बरोबर होतं. सुयांचंही म्हणाल तर काही अभ्यास आहेत. औषधासोबत सुया टोचल्या तर नुसत्या औषधापेक्षा फरक जास्त दिसला, असं त्यात आढळलं. पण ते अभ्यास लहान आहेत, थोड्या महिन्यांचे आहेत. आणि तिथं टोचणारा डॉक्टर होता, सुया निर्जंतुक होत्या, दोन वेळांमध्ये कातडी भरायला वेळ दिला होता. घरी रोज, त्याच सुयांनी, खपलीवर टोचलं तर ती नुसती जखम असते. आणि टोचल्यावर लगेच औषध लावलं की ते रक्तात जास्त जातं. छाती धडधडली होती का कधी?"

मी हो म्हणाले.

आईनं विचारलं, "अन् मालिश? मालिशनं येते का वो केस?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मालिशवरही थोडं काम झालंय. अगदी मोजक्या पुरुषांवर. रोज काही मिनिटं मालिश करून केस किंचित जाड झाले, असं दिसलं. संख्या वाढली नाही. इतक्या कमी लोकांवरून काही ठाम सांगता येत नाही, बायकांबद्दल तर नाहीच. निरोगी डोक्यावर हलक्या हातानं केली तर बिघडत काही नाही. जखमेवर, फोडांवर मात्र नाही करायची."

"म्हणजे माह्यानंच झालं."

"तसं सांगता येणार नाही, आई," डॉक्टरबाई म्हणाल्या. " हे जंतू आपल्या कातडीवरच असतात. रोलरवरून गेले असतील, पाण्यातून, हातातून. कुठून गेले ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

त्यांनी ते आईला धीर द्यायला सांगितलं होतं. आईनं त्यातलं एवढंच घेतलं, की तिच्या हातानं झालं नाही, असंही कुणी म्हणत नाही.

मग मी तो प्रश्न विचारला. त्या जागी केस येतील का?

"बाकी भांगावर औषधानं जे आहेत ते टिकतील, थोडे वाढतीलही. जखमेमुळं औषध बंद ठेवावं लागलं, मधले महिने वाया गेलेत, पुन्हा सुरुवात करावी लागेल. या जागेवर मात्र मुळांची छिद्रंच दिसत नाहीयेत. तिथं व्रण झालाय. काही महिने वाट पाहू. पण मी तुम्हाला आशा लावणार नाही."

काही महिने वाट पाहिली. कातडी गुळगुळीत झाली, गुलाबीची पांढुरकी झाली. आता ती भांगाजवळ बोटाच्या पेराएवढी जागा आहे, बाबांच्या डोक्यासारखी चकाकते. आधी केस पातळ होते, पण होते. कसेही विंचरले तरी ती जागा उघडी पडते. मी ओढणी घेते. वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला लागलं होतं?" मी हो म्हणाले. खोटं नव्हतं.

मधे एका शनिवारी आई जामसांवलीला दर्शनाला आली आणि तिथून माझ्या खोलीवर. जेवणं झाली. मी तेलाची बाटली काढली आणि तिच्यापुढं खाली बसले. जखम केव्हाच भरली होती, डॉक्टरांची ना नव्हती, हे मी तिला सांगितलं.

"नको," ती म्हणाली.

"केसांसाठी नाही आई. नुसतं लावून दे."

"माह्या हातानं नको वो. कोणाकडूनही लावून घे."

मी तशीच बसून राहिले. मागं तिच्या बांगड्या वाजल्या, तिनं हात वर केला असावा. मग त्या पुन्हा वाजल्या आणि हात खाली गेला. ती उठून भांडी घासायला गेली. मी म्हटलं मी घासते, पण तिनं ऐकलं नाही, नळ मोठा करून घासत राहिली.

परवा नागपूरला पुन्हा दाखवून आले. डॉक्टरबाईंनी आधीचे आणि आत्ताचे फोटो शेजारी ठेवून दाखवले. भांग आणखी रुंद झालेला नाही, हे चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या. व्रण आहे तसाच. औषध बंद केलं तर जे टिकलंय तेही जाईल, तेव्हा ते कायम लावायचं. मी मान डोलावली. बाहेर बाकावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती, डोक्याला स्कार्फ. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनीही नजर काढून घेतली.

सौसरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. आईचा फोन आला. ती रोज करते.

"पोचली का?"

"पोचले."

"जेवून घेजो."

डॉक्टरबाई काय म्हणाल्या, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इकडचं तिकडचं बोलत राहिलो, संत्र्याचा बहार यंदा कसा आहे, शेजारची म्हैस व्याली, असं काही. मग तिच्याकडून आवाज येईना. फोन कटला नव्हता.

"ठेवू का?" मी म्हटलं.

"ठेव," आई म्हणाली.