‘मी उठते’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात

मी चिडकी आहे, हे नाशिकमध्ये मला ओळखणारे सगळे मान्य करतात. कॉलेज रोडवर एकवीस वर्षं फ्रेंचचा क्लास घेतल्यावर कोणीही होईल. मुलं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच, आणि तितक्याच आत्मविश्वासाने. पण चूक करून वर मलाच गप्प बसवणारी विद्यार्थिनी आजवर एकच भेटली. सुवर्णा.

ती ओझरची, वय चौतीस. विंचूरच्या वाईन पार्कमधल्या एका कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायच्या लाइनवर सात वर्षं उभी. कंपनी पाहुण्यांना वाईन चाखवायची खोली सुरू करणार होती आणि लाइनवरच्या एकीला तिथे घेणार होती. अट एकच, फ्रेंचची पहिल्या पायरीची परीक्षा पास हवी, कारण दर हंगामाला फ्रान्सहून तज्ज्ञ येतात.

“मॅडम, दिवसभर उभं राहून पाय सुजतात,” पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, “आणि मला बोलायला लय आवडतं. बाटलीशी किती बोलणार?”

मला ती तिथेच आवडली. अर्थात मी तसं दाखवलं नाही.

डिसेंबरात मी वर्गाला दिनचर्येची वर्कशीट दिली. दहा चित्रं, खाली ‘ज’ म्हणजे ‘मी’ने सुरू होणारी दहा अपुरी वाक्यं. बाई जागी होते, उठते, अंग धुते, कपडे घालते, असं करत झोपेपर्यंत. सोपं वाटतं, पण गोम अशी की फ्रेंचमध्ये ही सगळी कामं माणूस स्वतःवर करतो. ‘ज लेव्ह’ म्हणजे मी कशाला तरी किंवा कोणाला तरी उचलते, उठवते. मी स्वतः उठते म्हणायचं तर मध्ये ‘म’ घालावा लागतो, ‘ज म लेव्ह’. ती उठते, तर ‘म’ जाऊन ‘स’ येतो, ‘एल स लेव्ह’. आपल्याकडे ‘उठते’ आणि ‘उठवते’ अशी दोन वेगळी क्रियापदं असल्यामुळे आपलं भागतं. त्यांचं नाही भागत.

सुवर्णाने दहाच्या दहा ठिकाणी ‘म’ खाल्ला होता. मी दहाच्या दहा ठिकाणी लाल गोळे काढले.

“ज लाव्ह म्हणजे ‘मी धुते’. काय धुतेस? भांडी? कोणाला धुतेस?”

“सासूबाईंना,” ती म्हणाली.

वर्ग हसला. ती हसली नाही, ती खरंच सांगत होती. सासूबाई, अंबूबाई, ओट्यावरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले आता वॉकर धरून उठा, चाला. पण त्या पडण्याची अशी धास्ती घेऊन बसल्या की सहा महिने खाटेवरून आपणहून उतरल्या नव्हत्या. सुवर्णाच त्यांना उठवायची, आंघोळ घालायची, लुगडं नेसवायची. त्यानंतर सहा वर्षांच्या मुलीची, हर्षालीची पाळी. नवरा वाल्मीक कारखान्यात पाळीवर, कधी घरी, कधी नाही.

“म्हणजे माझं बरोबरच आहे की, मॅडम. नुसतं पुढं नाव लिहायचं राहिलं.”

मी लाल पेनाचं टोपण लावलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला चुकीचं उत्तर पटलं होतं.

मग मी तिला तिचंच पहिल्या दिवसाचं वाक्य आठवायला लावलं. ‘ज मापेल सुवर्णा.’ माझं नाव सुवर्णा. त्यातही तो ‘म’ आहेच, मी स्वतःला सुवर्णा म्हणते. तो काढलास तर ‘जापेल सुवर्णा’, मी सुवर्णाला हाक मारते. “अगं, स्वतःलाच हाक मारत बसशील!” यावर ती इतकी हसली की शेजारच्या टॅलीच्या क्लासचे सर डोकावून गेले.

“पण या ‘म’ला न् ‘स’ला मराठीत काय म्हणायचं?” तिने विचारलं.

“मराठीत त्याला शब्द नाही,” मी ठणकावून सांगितलं.

पुढच्या रविवारी तिने स्वतःची दिनचर्या लिहून आणली. पहिलं वाक्य ‘ज म रेव्हेय’, मी जागी होते, ‘म’ शाबूत. नंतर सासूबाईंना उठवते, आंघोळ घालते, हर्षालीला जागी करते, कपडे घालते. तिथे ‘म’ नको होता आणि तो नव्हता. व्याकरण चोख. पेपर परत देताना मला कसंसंच झालं. तोंडी परीक्षेत ही पास होईल, ते ठीक. पण त्या खोलीची ड्यूटी संध्याकाळी सातपर्यंत, सकाळी निघायचंही लवकर. या कागदावरच्या माणसांना मग कोण उठवणार? मी तिला तसं विचारलंच.

“सुचेल काहीतरी,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक वाटला.

मार्चमध्ये परीक्षा आली. ती घरात मोठ्याने पाठ करायची आणि हर्षाली शेजारी बसून आजीला अर्थ सांगायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी अंबूबाईंच्या डोक्यात उजेड पडला.

“म्हंजे ही माझंच सांगती व्हय तिकडं? मला उठवती, मला धुती?” त्या कडाडल्या. “परक्या माणसाम्होरं? फिरंग्यांच्या भाषेत?”

“आई, परीक्षेत विचारतात हो. दिवसभर काय करता म्हणून.”

“मग दुसरं काय नाय का सांगायला?”



दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा नेहमीसारखी त्यांच्या पाठीखाली हात घालायला गेली. अंबूबाईंनी तो झटकला.

“हात नको लावू. वॉकर सरकव इकडं.”

दातओठ खात, डॉक्टरला, सुनेला आणि फ्रेंच भाषेला शिव्या देत त्या उभ्या राहिल्या. पाय लटपटले, पण उभ्या राहिल्या. वॉकर ढकलत मोरीपर्यंत गेल्या. तिथून मागे वळून म्हणाल्या, “आता सांग तिकडं. म्हणावं, म्हातारी आपली आपण उठती.”

सुवर्णा परीक्षेच्या कॉलेजात आली ती डोळे लाल करून. मला वाटलं, घरी भांडण झालं. तिने घाईघाईत सगळं सांगितलं आणि विचारलं, “मॅडम, माझं पाठ केलेलं वाक्यच खोटं झालं. आता काय सांगू?” मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

मी बाहेरच्या बाकावर बसले. मला माझ्या स्वतःच्या परीक्षेत इतकी भीती वाटली नव्हती. तीन महिने जे वाक्य घोटलं, ते ऐनवेळी बदलायचं, ‘ज’चं ‘एल’ करायचं, ‘म’च्या मोहात न पडता ‘स’ घालायचा. ती ‘एल म लेव्ह’ म्हणणार, याची मला खात्रीच होती.

दहा मिनिटांनी दार उघडलं.

“काय सांगितलंस?”

“मा बेल-मेर स लेव्ह,” ती म्हणाली. माझी सासू उठते. “मॅडम, तुम्ही म्हणाला होता ना, ‘स’ला मराठीत शब्द नाही? आहे. आपली आपण.”

खरं तर ‘स’चा अर्थ नेमका तसा होत नाही. मदत घेऊन उठलं तरी ‘स’ लागतोच. हे मी कोणालाही, कधीही, चारचौघांत ऐकवलं असतं. त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, “शंभर टक्के बरोबर.”